तेलकट भांडी: मशीनला काय द्यायचं, हाताला काय ठेवायचं

प्रश्न: आम्ही चौघं, देवगड तालुक्यात चिऱ्याच्या घरात राहतो. रोज वाटणाचं कालवण, एक वेळ तरी तळलेले मासे. भांडी इतकी ओशट होतात की घासून हात दुखतात. आम्ही दोघंही नोकरीला जातो. डिशवॉशर घ्यावा की हातानंच घासलेलं बरं? तेल खरंच निघतं का? पाणी विहिरीचं आहे.

उत्तर:

तेल निघतं, आणि चांगलं निघतं. पण तुमच्या घरात रोज पडणाऱ्या भांड्यांपैकी किती भांडी त्या मशीनमध्ये जाऊ शकतात, हे आधी बघा. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरगुती मशीनं बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. ज्या घरात डिशवॉशर वर्षभरात कपाट होऊन बसतो, तिथं बहुतेक वेळा मशीन चांगलं असतं. घरातली भांडी, टाकीची उंची नाहीतर विहिरीचं पाणी यातलं काहीतरी त्याच्याशी जुळत नसतं.

आधी तेलाचं बघू. हातानं घासताना आपण ओशटपणा जोर लावून काढतो, कारण पाण्याची उष्णता आपल्या हाताला झेपेल एवढीच ठेवता येते. साधारण ४५ अंशांच्या पुढे हात पाण्यात राहत नाही. मशीन घासत नाही, पाण्याचे फवारे मारतं. पण ते पाणी ६५-७० अंशांपर्यंत तापवतं, आणि त्यात घालायची पावडर इतकी तीव्र अल्कधर्मी असते की ती हाताला लावायची सोय नाही. तळणाचं तेल आणि खोबऱ्याचा ओशटपणा या दोघांपुढे टिकत नाही. म्हणून सुरमई तळून झाल्यावर ताटाला आणि वाट्यांना जो चिकट थर बसतो, त्यावर मशीन हातापेक्षा सरस आहे. स्टीलवर बोट फिरवलं की करकर आवाज येतो, तसा हातानं घासलेल्या ताटाला रोज येत नाही.

करपलेल्या भांड्याचं मात्र उलटं आहे. टोपाच्या बुडाला लागलेलं वाटण, पॅनला चिकटलेला रवा, कढईच्या कडेला वर्षानुवर्षं जमलेला काळा थर हे नुसत्या गरम पाण्यानं सुटत नाही, तिथं घासणीच हवी. थोडक्यात, ओशट असेल तर मशीन आणि करपलं असेल तर हात. घ्यायचा की नाही, ते या एका फरकावर बरंचसं ठरतं.

आता तुमच्यासारख्याच एका घराचं उदाहरण देतो. मालवणजवळचं घर, माणसं चार, स्वयंपाक तुमच्यासारखाच. मशीन घेण्याआधी त्यांनी मला बोलावलं, तेव्हा मी त्यांना एका दिवसाची सगळी खरकटी भांडी ओट्यावर मांडायला सांगितली. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात, रात्री तळलेला मासा, डाळ आणि सोलकढी. ताटं, वाट्या, पेले, चमचे, स्टीलचे दोन टोप, भाताचं पातेलं, वाढायची भांडी आणि काचेचे बाउल एका बाजूला ठेवले. दुसऱ्या बाजूला घावण्यांचा बिडाचा तवा, अ‍ॅल्युमिनियमची कढई, कुकर, मातीचं कालवणाचं भांडं, करवंटीची डवली, पोळपाट-लाटणं आणि मिक्सरचं भांडं. दुसऱ्या ढिगातली एकही वस्तू मशीनला द्यायची नाही.

प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. बिडाच्या तव्यावर तेल मुरून जो काळा थर तयार होतो, तो मशीनमध्ये साफ निघतो आणि तव्याला दुसऱ्याच दिवशी गंज चढतो. मग घावणा सुटत नाही, तो तवा पुन्हा मुरवावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम त्या तीव्र पावडरीनं राखाडी-काळं पडतं आणि हात लावला की काळं लागतं. कुकर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचाच असतो. तो स्टीलचा असला तरी झाकणाची शिट्टी आणि रबरी रिंग काढून हातानं धुवा, कारण वाफेच्या भोकात भाताची पेज किंवा पावडरीचे कण अडकले तर ते धोक्याचं आहे. माती पावडर शोषून घेते आणि पुढच्या कालवणात सोडते. लाकूड आणि करवंटी तडकतात. मिक्सरच्या भांड्याच्या बुडाशी पात्यांचं बेअरिंग असतं, त्यात गरम अल्कधर्मी पाणी शिरलं की आधी आवाज आणि मग गळती सुरू होते. पितळी आणि कलईची भांडी असतील तर तीही याच ढिगात.

त्या घरात पहिला ढीग मोठा निघाला, म्हणून मशीन घ्या असं मी सांगितलं. तुमच्याकडे दुसरा ढीग मोठा असेल, म्हणजे जास्त स्वयंपाक अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात आणि बिडाच्या भांड्यांत होत असेल, तर मशीन घेऊनही संध्याकाळी मोरीपाशी उभं राहणं चुकणार नाही. मग आधी दोन-तीन टोप स्टीलचे करून बघा. तो खर्च मशीनपेक्षा फारच कमी आहे.

घ्यायचंच ठरलं तर १२ ते १४ सेटचं घ्या. हा 'सेट' म्हणजे युरोपातल्या चपट्या प्लेटांचा हिशेब, त्यात आपल्या खोल वाट्या आणि टोप धरलेले नसतात. ८ सेटच्या मशीनमध्ये दोन टोप ठेवले की ताटांना जागा उरत नाही. मोठ्या मशीनमध्ये चौघांची दिवसभराची ताटं, वाट्या आणि दोन-तीन टोप रात्री एका फेरीत बसतात.

लावण्याची पद्धतही सांगतो, कारण 'मशीन तेल काढत नाही' अशा तक्रारींपैकी बऱ्याच तिथंच संपतात. वाट्या एकमेकींत बसल्या तर आतल्या वाटीपर्यंत पाणी पोचतच नाही. प्रत्येक वाटी तिरकी, तोंड खाली आणि थोडी पुढे झुकलेली हवी. टोप खालच्या रॅकमध्ये पालथे. लावून झालं की फवाऱ्याचा पंखा हातानं एकदा गोल फिरवून बघा. कुठल्या टोपाचा कान आडवा येत असेल तर पंखा अडकतो आणि मशीन तासभर एकाच कोपऱ्याला धूत बसतं. आणि पावडरीच्या कप्प्यासमोर मोठं ताट उभं करू नका. झाकण पूर्ण उघडत नाही आणि शेवटी पावडर किंवा तिच्याऐवजी घातलेली गोळी अर्धवट विरघळलेली तशीच सापडते.

भांडी आत ठेवण्याआधी धुवायची नाहीत, निपटायची. मशीन प्रत्येक टप्प्यात थोडंच पाणी घेतं आणि गाळून तेच पुन्हा पुन्हा फिरवतं. त्यामुळे टोपात चमचाभर तेल राहिलं तर ते सगळ्या भांड्यांवर फिरणार. तळणाचं उरलेलं तेल बाटलीत ओता, टोपाचा तळ रद्दी कागदानं पुसून घ्या आणि काटे, खवले, कढीपत्ता सगळं काढून टाका. माशांच्या घरात मला सारखं दिसणारं एक दृश्य म्हणजे फवाऱ्याच्या भोकात आडवा बसलेला खवला. एवढासा पारदर्शक खवला, पण तेवढं भोक बंद. तिसऱ्यांच्या शिंपल्याचा तुकडा पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपात गेला की मशीन शेवटी टकटक असा आवाज करतं आणि पाणी आतच राहतं. लोकांना वाटतं मोटार गेली. बऱ्याचदा जाळी काढून तो तुकडा चिमट्यानं उचलला की काम होतं, फक्त हात घालण्याआधी प्लग काढा.

आपल्याकडच्या खोबऱ्याचं एक खास आहे. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, हे तुम्ही थंडीत बाटलीत बघितलंच असेल. वाटणातला ओशटपणाही तोच. मशीनचा पहिला टप्पा थंड पाण्याचा असतो. त्यात सुटलेला ओशटपणा आणि खोबऱ्याचा बारीक चोथा जाळीवर बसतो, आणि डिसेंबर-जानेवारीत तिथंच मेणासारखा घट्ट होतो. जाळी काढून आतल्या बाजूनं बोट फिरवा. पांढुरका बुळबुळीत थर लागला तर आठवड्यातून दोनदा ती जाळी गरम पाणी आणि जुन्या ब्रशनं धुवायला लागा. रोज ५० अंशांचा इको प्रोग्रॅम लावणाऱ्या घरांत हा थर लवकर जमतो. तुमच्या जेवणाला ६५-७० अंशांचा प्रोग्रॅमच योग्य. इकोनं वीज वाचते, पण तो पोहे-चहाच्या भांड्यांसाठी ठेवा. पहिला टप्पा थंड असतो ते मात्र बरोबरच आहे. माशाचा आणि अंड्याचा अंश एकदम उकळत्या पाण्यानं भांड्यावर शिजून घट्ट बसतो. हातानं धुतानाही हीच गोष्ट लक्षात ठेवा.

आता पाणी. तुमची विहीर जांभ्या दगडातली असेल तर पाणी बहुधा मऊ असणार. आंघोळीच्या साबणाला सहज फेस येतो, तेच मऊ पाणी. मशीनसोबत मिठाची पिशवी विकतात, ते मीठ कठीण पाणी मऊ करणाऱ्या आतल्या यंत्रणेसाठी असतं. विक्रेता ते सगळ्यांनाच देतो. आधी पट्टीनं पाण्याची कठीणता तपासून घ्या आणि पाणी मऊ निघालं तर मशीनवर सेटिंग सगळ्यात खालचं करा. मग बऱ्याच मशीनांत मीठ लागतच नाही. मऊ पाण्यात पावडर जास्त घातली तर काचेचे पेले हळूहळू धुरकट होतात. धुरकटपणा कसला ते ओळखायला पेल्यावर थोडा व्हिनेगर किंवा लिंबू चोळा. डाग गेला तर तो क्षारांचा होता, नाही गेला तर काचच झिजली आहे आणि ती परत पहिल्यासारखी होत नाही. दोन्हींचा उपाय उलटा आहे. क्षारांचा डाग असेल तर सेटिंग वाढवायचं, काच झिजत असेल तर पावडर कमी करायची.

जांभ्यातलं पाणी काही ठिकाणी लोहाचं असतं. पांढऱ्या बादलीत रात्रभर पाणी ठेवा. सकाळी तळाला तांबूस गाळ दिसला तर मशीनच्या आत आणि स्टीलवर तपकिरी डाग पडणार, शिवाय ती पाणी मऊ करणारी यंत्रणाही हळूहळू खराब होणार. अशा ठिकाणी नळाला लोह काढणारा फिल्टर बसवल्याशिवाय मी मशीन बसवून देत नाही. खाडीजवळच्या विहिरींचं दुखणं वेगळं. एप्रिल-मे मध्ये पाणी मचूळ होतं. पाण्यातला खारटपणा मशीनचं मीठ काढत नाही, ते मीठच तर आहे. मचूळ पाण्यानं भांडी सुकली की पांढरी पावडर बसते, आणि हलक्या प्रतीच्या स्टीलवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडतात. ते दोन महिने गोड पाणी टाकीत भरता येत नसेल तर सरळ हातानं धुवा आणि शेवटचं विसळणं पिण्याच्या पाण्यात करा.

चिऱ्याच्या बैठ्या घरात हमखास राहून जाणारी बाब म्हणजे पाण्याचा दाब. बहुतेक मशीनांना किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनच्या नळापासून निदान ३ मीटर उंच हवी. मालवणच्या त्या घरात टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवर होती. टेपनं मोजलं तर जेमतेम २ मीटर, म्हणजे ०.२ बार. अशा जोडणीवर मशीन पाणी भरायला खूप वेळ लावतं, मग पाणी येत नसल्याची सूचना दाखवून थांबतं आणि घरचे म्हणतात मशीन बिघडलं. आम्ही टाकीला लोखंडी स्टँड करून ती दीड मीटर वर घेतली. छोटा प्रेशर पंपही चालला असता, पण वीज गेली की तो बंद आणि आवाज वेगळा. तुम्ही मशीन बघायला जाण्याआधी टेप घेऊन हे मोजा.

विजेचं थोडक्यात. पाणी तापवताना मशीन २००० वॅटच्या आसपास घेतं, म्हणून १६ अँपियरचा वेगळा पॉइंट द्या. आणि अर्थिंग तपासून घ्या. कातळावर बांधलेल्या घरांत अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. मशीनच्या दाराला ओल्या हातानं झिणझिण्या आल्या तर लगेच बंद करून वायरमनला बोलवा. मशीनचं सांडपाणी आता जातं तसं केळीला किंवा भाजीला सोडू नका. हाताच्या साबणापेक्षा ते बरंच अल्कधर्मी असतं.

खर्चाचा हिशेब असा. ७० अंशांच्या एका फेरीला साधारण सव्वा ते दीड युनिट वीज लागते. आपल्याकडे टाकीतलं पाणी मुळातच कोमट असतं, त्यामुळे थंड प्रदेशापेक्षा थोडी कमीच. युनिट १० रुपये धरलं तर १२ ते १५ रुपये. पावडरचे १० च्या आसपास, गोळी वापरलीत तर १५ ते २०, आणि चमक आणणाऱ्या द्रावणाचे एक-दोन रुपये. म्हणजे दिवसाला २५ ते ३५, महिन्याला ७५० ते हजार-बाराशे. मशीनची किंमत ३५-४५ हजार धरून ती ८-१० वर्षांवर पसरली तर महिन्याला आणखी तीनशे ते पावणेपाचशे येतात. तुमच्या गावात भांड्यांच्या बाईंचा पगार काय आहे आणि त्या पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत किती येतात, ते तुम्हालाच ठाऊक. मशीन एका फेरीला साधारण १० ते १५ लिटर पाणी घेतं. नळ सोडून घासत असाल तर बादली लावून एका मिनिटात किती पाणी जातं ते बघा, मार्च ते मे मध्ये हा आकडा उपयोगी पडेल. पण तुम्ही टपात बुचकळून, मग बादलीत विसळून भांडी धूत असाल तर मशीन पाणी वाचवतं असं मी म्हणणार नाही.

हातानंच धुवायचं ठरलं तर हात दुखणं कमी करता येतं. पहिली गोष्ट तीच, भांडं निपटून पुसून घ्या. त्यासाठी नारळाच्या सोडणाचा तुकडा कागदापेक्षा चांगला, एकदा वापरून चुलीत किंवा खड्ड्यात टाकता येतो. मग काच आणि पेले आधी, वाट्या-ताटं नंतर, ओशट टोप शेवटी. लोक सगळ्यात घाण टोप आधी घेतात आणि तीच ओशट घासणी बाकीच्या भांड्यांवर फिरवतात. टोपातला माशाचा अंश आधी थंड पाण्यानं विसळून काढा, मग त्यात कडकडीत पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा आणि साबणाचे दोन थेंब घालून जेवण होईपर्यंत ठेवा. हातात न झेपणारं पाणी टोपाला चालतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा नको, ते काळं पडतं. चुलीची राख मिळत असेल तर ती स्टील आणि पितळेवर ओशटपणा चांगला ओढते, फक्त चाळून घ्या, खडा राहिला तर ओरखडे पडतात.

तुमच्या बाबतीत माझं मत सांगतो. दोघंही नोकरीला, रोजचं तळण आणि हातांचं दुखणं बघता मी मशीन घ्या म्हणेन. पण आधी भांडी ओट्यावर मांडून दोन ढीग करा, मग टाकीची उंची आणि विहिरीच्या पाण्याची पट्टी बघा. बादलीत तांबूस गाळ निघाला किंवा मे महिन्यात पाणी मचूळ होत असेल, तर फिल्टर किंवा दुसऱ्या पाण्याची सोय होईपर्यंत थांबा. आणि घेतलंत तर रात्रीची फेरी संपल्यावर दार थोडं उघडं ठेवायची सवय लावा. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत आत ओल कोंडली की जाळीला वास आणि रॅकच्या टोकांना गंज लागतो. पावसाळ्यात मशीनमागे उंदीर येतात आणि सांडपाण्याची नळी कुरतडतात, म्हणून ती नळी भिंतीतून जाते त्या भोकात बारीक तारेची जाळी आत्ताच बसवून घ्या.